फोटोतल्या बँक स्टेटमेंटचं पान गहाळ आहे की तळ कापला गेलाय, हे कसं ओळखायचं

तक्रार नेहमीची आहे. खातेदार व्हॉट्सअ‍ॅपवर स्टेटमेंटचे फोटो पाठवतो, आपण सगळ्या नोंदी एक्सेलमध्ये किंवा टॅलीत भरतो आणि शेवटी शिल्लक जुळत नाही. मग तासभर आकडे तपासण्यात जातो. टायपिंगची चूक सापडत नाही, कारण टायपिंगची चूक झालेलीच नसते. काही ओळी फोटोत आलेल्याच नसतात. त्याहून वाईट प्रकार म्हणजे शिल्लक जुळते आणि तरीही ओळी गायब असतात. तो प्रकार पुढे उदाहरणात येईल.

बँकेकडून थेट पीडीएफ मिळत असेल तर ती घ्या, हे उघड आहे. पण शाखेतून छापून आणलेली स्टेटमेंट, सहकारी बँकांची खाती, इंटरनेट बँकिंग न वापरणारे व्यापारी या सगळ्यांमुळे फोटो यायचे थांबत नाहीत. म्हणून नोंदी भरायला बसण्याआधीच फोटो अपुरे आहेत का हे ओळखता आलं पाहिजे. त्यासाठी तीन गोष्टी तपासायच्या: पान क्रमांक, पानावरून पानावर ओढलेली रक्कम आणि ओळीमागून ओळ चालणारी शिल्लक. तिन्ही वेगवेगळ्या चुका पकडतात. एक तपासणी जुळली म्हणून दुसरी सोडली की हमखास काहीतरी निसटतं.

तळच का कापला जातो

यामागे साधं भूमितीचं कारण आहे. ए-फोर कागद 210 मिलिमीटर रुंद आणि 297 मिलिमीटर उंच असतो, म्हणजे उंची रुंदीच्या सुमारे 1.41 पट. मोबाइलचा कॅमेरा सहसा 4:3 चौकटीत फोटो काढतो, तिथे उंची रुंदीच्या 1.33 पट असते. माणूस अक्षरं मोठी दिसावीत म्हणून पानाची रुंदी चौकटीत घट्ट बसवतो. तसं केलं की उंचीत 280 मिलिमीटरच मावतात आणि 17 मिलिमीटर बाहेर राहतात. वर बँकेचं नाव आणि खाते क्रमांक असतो, तो यायलाच हवा असं प्रत्येकाला वाटतं, त्यामुळे कात्री लागते ती खालच्या बाजूला. इंचाला सहा ओळी या नेहमीच्या छपाईत 17 मिलिमीटर म्हणजे चार ओळी. खालचा समास मोठा असेल तर नुसता पान क्रमांक जातो, लहान असेल तर नोंदीही जातात.

दुसरं कारण स्कॅनर अ‍ॅपचं. पानाच्या कडा आपोआप शोधून बाकीचं कापणारी ही अ‍ॅप पांढऱ्या टेबलावर किंवा फिक्या चादरीवर ठेवलेल्या कागदाची कड ओळखू शकत नाहीत. मग त्यांना सगळ्यात ठळक दिसणारी चौकट म्हणजे तक्त्याची रेघ. ती तिलाच पानाची कड समजतात आणि रेघेबाहेरचं सगळं छाटतात. अशा फोटोत नोंदी पूर्ण असतात पण पान क्रमांक, मागील पानावरची रक्कम, पुढे नेलेली रक्कम, यातलं काहीही नसतं. फोटो मात्र इतका सरळ आणि स्वच्छ दिसतो की संशय येत नाही. म्हणून माझा पहिला नियम असा: ज्या फोटोत कागदाचे चारही कोपरे दिसत नाहीत, तो फोटो अपुरा समजूनच तपासायचा.

पान क्रमांक: काय सांगतात, काय सांगत नाहीत

फोटो उघडल्यावर आधी सगळे पान क्रमांक एका कागदावर उतरवून घ्या. ‘पान 2, एकूण 5 पैकी’ असं छापलेलं असेल तर काम सोपं होतं. नुसता ‘2’ असेल तर एकूण पानं किती हे शेवटच्या पानाशिवाय कळत नाही. फोटोंची संख्या आणि पानांची संख्या सारखी आहे एवढ्यावर थांबू नका. एक पान दोनदा काढलेलं आणि एक राहिलेलं, असं फार वेळा होतं आणि संख्या बरोबर येते. प्रत्येक फोटोची पहिली आणि शेवटची नोंद पाहिली की दुबार फोटो लगेच कळतो.

1, 3, 5 अशी विषम पानंच आली असतील तर स्टेटमेंट पाठपोट छापलेलं आहे आणि मागची बाजू उलटलेलीच नाही. हे इतकं ठरावीक आहे की असे क्रमांक दिसताच खातेदाराला ‘कागद उलटा करून मागचेही फोटो पाठवा’ एवढंच सांगावं.

क्रमांक दोनदा 1 पासून सुरू होताना दिसले तर घाबरायचं कारण नाही. शाखेत तीन-तीन महिन्यांचे तुकडे वेगळे छापले की प्रत्येक तुकडा 1 पासूनच सुरू होतो. अशा वेळी पान क्रमांकासोबत त्या तुकड्याचा कालावधीही लिहा. एक तुकडा 30 जूनला संपतो आणि पुढचा 1 जुलैला सुरू होतो का, हे पाहायचं. भोकांच्या पट्टीच्या सलग कागदावर, डॉट मॅट्रिक्स प्रिंटरने छापलेलं असेल तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. छपाई सरकली असेल तर फाडलेल्या कागदाचं टोक आणि छापील पानाचा शेवट एका जागी येत नाही. पान 2 चा क्रमांक तिसऱ्या कागदाच्या वरच्या भागात सापडू शकतो.

व्हॉट्सअ‍ॅपच्या फाइलच्या नावावरून मात्र निष्कर्ष काढू नका. `IMG-20240703-WA0012.jpg` नंतर थेट `WA0015` आली म्हणजे दोन पानं गहाळ असं नसतं. त्या दिवशी फोनवर आलेली इतर चित्रंही त्याच क्रमात मोजली जातात.

पानांचा सांधा

पान क्रमांक पूर्ण पान गहाळ असल्याचं सांगतात, कापलेल्या तळाबद्दल ते गप्प असतात. त्यासाठी दोन पानांचा सांधा पाहायचा. वरच्या पानाची शेवटची शिल्लक आणि खालच्या पानावर ‘मागील पानावरून’ म्हणून छापलेली रक्कम, बँकेच्या इंग्रजी छपाईत बी/एफ, या दोन्ही शेजारी शेजारी लिहा. वरच्या पानाच्या तळाशी सी/एफ म्हणजे पुढे नेलेली रक्कम छापलेली असेल तर तीही घ्या. तीन आकडे एकच असले पाहिजेत.

काही स्टेटमेंटमध्ये बी/एफ छापत नाहीत. मग खालच्या पानाच्या पहिल्या नोंदीवरून उलटा हिशेब करायचा. त्या नोंदीनंतरची शिल्लक घ्यायची, नोंद डेबिटची असेल तर रक्कम मिळवायची, क्रेडिटची असेल तर वजा करायची. जो आकडा येतो तीच वरच्या पानाची शेवटची शिल्लक असायला हवी.

पुढे नेलेली रक्कम नेहमी शिल्लकच असते असं नाही. काही बँका पानाच्या तळाशी त्या पानावरच्या किंवा तिथपर्यंतच्या एकूण डेबिट आणि क्रेडिटची बेरीज छापतात. ती मिळाली तर तिला शिल्लकेहून जास्त महत्त्व द्या. शिल्लक म्हणजे दोन बाजूंमधला फरक. बेरजा दोन्ही बाजू वेगळ्या ठेवतात. हा भेद किती कामाचा आहे ते आता पाहू.

एक उदाहरण, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

एका दुकानदाराचं चालू खातं, कालावधी 1 एप्रिल ते 30 जून 2024. पाच फोटो आले. आकडे उदाहरणासाठी घेतले आहेत, पण गोंधळाचा नमुना अगदी नेहमीचा आहे.

पहिल्या फोटोत सगळं व्यवस्थित होतं. सुरुवातीची शिल्लक 84,250 रुपये, तळाशी पुढे नेलेली रक्कम, उजव्या कोपऱ्यात ‘पान 1, एकूण 5 पैकी’. दुसऱ्या आणि तिसऱ्या फोटोत पान क्रमांक नव्हता. चौथ्या आणि पाचव्यावर 4 आणि 5 होते. मधले दोन म्हणजे पान 2 आणि 3 असणार हे तारखांवरून ठरलं. म्हणजे पान एकही गहाळ नाही. पण दोन पानांचे क्रमांक दिसत नाहीत, याचाच अर्थ त्यांचे तळ कापलेले आहेत. प्रश्न एवढाच की कात्री नुसत्या समासावर चालली की नोंदींवर.

याचं पहिलं उत्तर ओळी मोजून मिळतं. पूर्ण आलेल्या पान 1 वर 42 छापील ओळी होत्या, पान 4 वरही 42. दुसऱ्या फोटोत 38 निघाल्या, तिसऱ्यात 37. इथे नोंदी मोजायच्या नाहीत, छापील ओळी मोजायच्या, कारण यूपीआयच्या नोंदीचा तपशील दोन-तीन ओळींवर पसरतो आणि प्रत्येक पानावर नोंदींची संख्या बदलते. छापील ओळींची संख्या सहसा बदलत नाही. शेवटचं पान तेवढं अर्धवट भरलेलं असतं, त्याला हा नियम लावू नका.

आता पान 2 आणि 3 चा सांधा. पान 2 ची शेवटची दिसणारी नोंद 14 मेची, शिल्लक 96,315. पान 3 च्या माथ्यावर मागील पानावरून 71,815, आणि पहिली नोंद 16 मेची. फरक 24,500 रुपये. शिल्लक कमी झाली, म्हणजे कापलेल्या ओळींमधून निव्वळ 24,500 रुपये बाहेर गेले.

या ठिकाणी मोह होतो. याच खात्यात 001247 क्रमांकाचा धनादेश पान 2 वर वटला होता आणि 001249 पान 3 वर. मधला 001248 दिसत नाही. फरक 24,500 चा. मग 001248 हा 24,500 चा धनादेश असणार, नोंद टाकून पुढे जाऊ. तसं केलं तर शिल्लक शेवटपर्यंत जुळेल आणि हिशेब चुकीचा राहील. धनादेशाचा क्रमांक गाळलेला असणं हा नुसता इशारा आहे. तो धनादेश रद्द केलेला असू शकतो, अजून बँकेत भरलेला नसू शकतो, किंवा त्याची रक्कम अगदी वेगळी असू शकते. शिवाय चार ओळी कापल्या गेल्यात, त्यात एकच नोंद असेल हे कशावरून?

पान 2 चा फोटो पुन्हा मागवला. तळाशी दोन नोंदी होत्या. धनादेश 001248, डेबिट 30,000. आणि एका गिऱ्हाइकाकडून यूपीआयने आलेले 5,500, तपशील तीन ओळींवर पसरलेला. 30,000 वजा 5,500 बरोबर 24,500. अंदाजाने 24,500 ची एक नोंद टाकली असती तर 5,500 रुपयांची विक्री वह्यांतून नाहीशी झाली असती आणि एका पुरवठादाराला दिलेली रक्कम 5,500 ने कमी दिसली असती. म्हणून सांध्यावरचा फरक कधीही एका नोंदीने भरायचा नाही, सस्पेन्स खात्यातही नाही. फरक किती आणि कुठे आहे एवढंच तो आकडा सांगतो. आत काय आहे ते कागदच सांगेल.

मग पान 3 आणि 4 चा सांधा. पान 3 ची शेवटची दिसणारी नोंद 30 मेची, शिल्लक 63,470. पान 4 च्या माथ्यावर मागील पानावरून 63,470. तंतोतंत जुळलं. तारखाही खटकत नाहीत. पान 4 ची पहिली नोंद 3 जूनची आहे आणि 1 व 2 जून 2024 हे शनिवार-रविवार होते. बहुतेक जण इथे बरोबरची खूण करून पुढे जातील. पण पाच ओळी कमी आहेत, हे आपण आधीच मोजलेलं आहे.

पान 4 ची पहिली नोंद नीट वाचली तर आणखी एक धागा मिळतो. ती होती धनादेश परत गेल्याच्या शुल्काची, 295 रुपये, म्हणजे 250 आणि त्यावर 18 टक्के जीएसटी. शुल्क आहे, पण धनादेश परत गेल्याची नोंद कुठेच नाही. ज्या नोंदीचं कारण आधीच्या पानावर असायला हवं आणि तिथे ते सापडत नाही, अशी नोंद पानाच्या माथ्यावर दिसली की वरच्या पानाचा तळ तपासायचा.

शेवटची खातरजमा पान 5 वरच्या सारांशाने झाली. तिथे छापलं होतं: सुरुवातीची शिल्लक 84,250, एकूण डेबिट 7,12,480, एकूण क्रेडिट 7,03,950, अखेरची शिल्लक 75,720. पान 2 दुरुस्त केल्यानंतर एक्सेलमधल्या आपल्या बेरजा होत्या डेबिट 6,72,480 आणि क्रेडिट 6,63,950. अखेरची शिल्लक यातूनही 75,720 च येते. पण दोन्ही बाजूंना प्रत्येकी 40,000 कमी. दोन्हीकडे सारखाच फरक म्हणजे पैसे आले आणि तेवढेच परत गेले. सारांशात डेबिट आणि क्रेडिट नोंदींची संख्याही छापलेली असेल तर तिथेही दोन्हीकडे एकेक कमी निघते. पान 3 चा नवा फोटो आला तेव्हा तळाशी त्याच दोन नोंदी होत्या: 30 मे रोजी 40,000 चा धनादेश जमा, 31 मे रोजी तोच परत.

शिल्लक न बिघडवता गायब होणाऱ्या नोंदींचा हा सगळ्यात सामान्य प्रकार. न वटलेला धनादेश, खाते क्रमांक चुकल्यामुळे परत आलेलं एनईएफटी, फसलेला आणि उलटवलेला यूपीआय व्यवहार, या तिन्हींत निव्वळ परिणाम शून्य असतो. शिल्लकेची साखळी ते कधीच पकडणार नाही. आणि व्यापाऱ्याच्या वह्यांत तर न वटलेला धनादेश मोठी गोष्ट आहे. ज्या गिऱ्हाइकाने तो दिला त्याच्याकडून 40,000 रुपये अजून यायचे आहेत, पण परतीची नोंद आपल्यापर्यंत पोहोचलीच नाही आणि धनादेशाची पावती वहीत आधीच टाकलेली असली तर ते येणं फिटलेलं दिसतं.

ओळींची साखळी आणि टायपिंगची चूक वेगळी कशी काढायची

प्रत्येक ओळीवर एकच प्रश्न विचारायचा असतो. मागच्या ओळीची शिल्लक, वजा डेबिट, अधिक क्रेडिट, ही या ओळीच्या शिल्लकेइतकी आहे का? एक्सेलमध्ये A ते E या रकान्यांत तारीख, तपशील, डेबिट, क्रेडिट आणि शिल्लक असेल, नोंदी दुसऱ्या ओळीपासून असतील, तर F3 मध्ये हे सूत्र टाकून खाली ओढा:

```
=ROUND(E2-C3+D3-E3,2)
```

उत्तर शून्य म्हणजे साखळी अखंड. ROUND टाळू नका, नाहीतर पैशांच्या अपूर्णांकांमुळे शून्याऐवजी 0.0000001 सारखे आकडे येऊन नाहक शोधाशोध होते. शिल्लक टाइप करतानाच स्वतः सूत्राने काढू नका. फोटोत छापलेली शिल्लकच भरा. सूत्राने काढलेली शिल्लक नेहमीच जुळते आणि तपासणीला काही अर्थ उरत नाही.

G हा रकाना आणखी ठेवा आणि त्यात प्रत्येक ओळीसमोर फोटोचा क्रमांक लिहा. साखळी तुटते ती ओळ फोटोची पहिली ओळ आहे का, हे यामुळे एका नजरेत कळतं. पहिल्याच ओळीवर तुटली असेल तर तळ किंवा पान गेलेलं असण्याची शक्यता जास्त. फोटोच्या मध्येच तुटली असेल तर आधी आपलं टायपिंग तपासा.

टायपिंगच्या चुकांना ठरावीक खुणा असतात. लागोपाठ दोन ओळींवर फरक आला, एक 900 आणि दुसरा उणे 900, तर मधली शिल्लक चुकीची भरली गेली आहे, रकमा बरोबर आहेत. फरक एखाद्या रकमेच्या दुप्पट असेल तर ती नोंद डेबिटऐवजी क्रेडिटमध्ये किंवा उलट पडली आहे. फरकाला 9 ने पूर्ण भाग जात असेल तर शेजारचे दोन अंक आलटून पालटून पडल्याची शंका घ्या, 5,460 चं 5,640 होतं तसं. पण ही शेवटची खूण एकटी पुरेशी नाही. 9 ने भाग जाणाऱ्या खऱ्या रकमाही पुष्कळ असतात.

यातलं काहीच लागू पडत नसेल आणि तरी साखळी फोटोच्या मध्येच तुटत असेल, तर फोटो मोठा करून त्या जागी घडी आहे का बघा. चौघडी करून खिशात ठेवलेल्या कागदाची आडवी घडी नेमकी एखाद्या ओळीवर येते आणि ती ओळ घडीच्या सावलीत नाहीशी होते. ओळींमधलं अंतर तिथे जरा जास्त दिसतं.

तळाची अर्धी कापलेली नोंद हा वेगळा त्रास आहे. रक्कम आणि शिल्लक नोंदीच्या पहिल्या ओळीवर असते, तपशील खालच्या ओळींवर जातो. मग साखळी जुळते, पण पैसे कोणाकडून आले ते कळत नाही. इथे संदर्भ क्रमांकाची लांबी उपयोगी पडते. यूपीआयचा संदर्भ 12 अंकी असतो, एनईएफटीचा यूटीआर 16 अक्षरांचा, आरटीजीएसचा 22 अक्षरांचा. पानाच्या शेवटच्या नोंदीत तो अपुरा दिसला तर तपशील एक तर खाली कापला गेलाय, नाहीतर पुढच्या पानाच्या माथ्यावर गेलाय. काही बँका मात्र रकान्यात मावत नाही म्हणून स्वतःच संदर्भ छाटून छापतात. त्याच स्टेटमेंटमधल्या मधल्या नोंदींत तो पूर्ण आहे का, ते पाहून ठरवा.

दोन प्रकारच्या स्टेटमेंटमध्ये सूत्र जसंच्या तसं चालत नाही. मोबाइल अ‍ॅपवरून घेतलेल्या काही स्टेटमेंटमध्ये सगळ्यात नवी नोंद वर असते. अशा वेळी भरून झाल्यावर ओळींचा क्रम उलटवा आणि मग सूत्र लावा. तारखेने क्रम लावू नका, कारण एकाच दिवसाच्या नोंदींचा आपसातला क्रम त्यात उलटाच राहतो आणि साखळी जागोजाग तुटलेली दिसते. दुसरा प्रकार कॅश क्रेडिट आणि ओव्हरड्राफ्टचा. तिथे शिल्लकेपुढे ‘डीआर’ लिहिलेलं असेल तर ती उणे भरायची. फोटोत उजवी कड कापली गेली की हे दोन अक्षरी चिन्हच जातं. शिल्लक शून्याच्या आसपास वरखाली होणाऱ्या खात्यात मग फार गोंधळ उडतो.

पहिलं आणि शेवटचं पान

सांधा दोन पानांमध्ये असतो. पहिल्या पानाच्या आधी आणि शेवटच्या पानाच्या नंतर काही नाही, त्यामुळे ही दोन पानं गेली तर वरची कोणतीही तपासणी बोंब मारत नाही. पान क्रमांकापुढे एकूण संख्या छापलेली नसेल तर 1 ते 4 पानं सलग, सांधे जुळलेले, साखळी अखंड आणि पाचवं पान नाहीच, असं सहज घडतं.

शेवटचं पान आहे का हे तीन गोष्टींवरून ठरवा. सारांश किंवा स्टेटमेंट संपल्याची ओळ दिसते का? माथ्यावर छापलेला कालावधी जिथे संपतो त्याच्या जवळपास शेवटची नोंद आहे का? आणि अखेरची शिल्लक दुसऱ्या एखाद्या जागेशी जुळते का, म्हणजे पुढच्या तिमाहीच्या स्टेटमेंटची सुरुवातीची शिल्लक किंवा त्या तारखेला बँकेच्या संदेशात आलेली शिल्लक? पहिल्या पानासाठी वह्यांतली 31 मार्चची बँक शिल्लक घ्या, अजून वटायच्या राहिलेल्या धनादेशांचा फरक सोडून.

बचत खात्यासाठी अजून एक खूण आहे. बऱ्याच बँकांमध्ये व्याज तिमाहीला जमा होतं, म्हणजे जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्चच्या अखेरीस किंवा लगेच पुढे. वर्षभराच्या स्टेटमेंटमध्ये तीनच व्याजनोंदी दिसल्या तर चौथी ज्या तारखेच्या आसपास हवी तिथलं पान बघा. आयकर खात्याच्या वार्षिक माहिती विवरणात म्हणजे एआयएसमध्ये त्या बँकेचं बचत व्याज दिसत असेल तर आपली बेरीज त्याच्याशी ताडून पाहता येते.

पासबुकचे फोटो असतील तर

पासबुकला पान क्रमांक असतात, पण तो वहीचा क्रमांक, व्यवहारांचा नव्हे. त्यात मोठा धोका वेगळाच आहे. बरेच महिने पासबुक भरून घेतलं नाही तर काही बँकांची यंत्रणा मधल्या सगळ्या नोंदी एकेक न छापता एकत्रित डेबिट आणि एकत्रित क्रेडिट अशा एक-दोन ओळींत छापते. साखळी जुळते, पानं पूर्ण असतात, कापलेलं काहीच नसतं आणि तरीही तीन महिन्यांचे व्यवहार नसतात. एवढी मोठी रक्कम आणि तपशिलात फक्त ‘एकत्रित नोंद’ अशा अर्थाचे शब्द दिसले तर फोटो पुन्हा मागवून उपयोग नाही. त्या कालावधीचं स्टेटमेंट शाखेतूनच घ्यावं लागतं.

फोटो पुन्हा मागवताना

‘नीट फोटो पाठवा’ असं सांगितलं की तसाच फोटो पुन्हा येतो. नेमकं सांगावं लागतं. मी असा संदेश पाठवते:

‘काका, पान 2 आणि पान 3 चे फोटो पुन्हा हवेत. पान 2 वर 14 मेच्या खालच्या आणि पान 3 वर 30 मेच्या खालच्या ओळी आलेल्या नाहीत. कागद गडद रंगाच्या फरशीवर किंवा सतरंजीवर सपाट ठेवा आणि मोबाइल थोडा वर धरा, कागदाचे चारही कोपरे दिसले पाहिजेत. स्कॅनर अ‍ॅप नको, साधा कॅमेरा वापरा. पाठवताना फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा.’

डॉक्युमेंट म्हणून पाठवलं की व्हॉट्सअ‍ॅप फोटो दाबून लहान करत नाही आणि 3 चा 8 होण्याचे प्रसंग कमी होतात. तारखेसह ओळ सांगितल्यामुळे खातेदाराला कागदावर नेमकी जागा सापडते. आणि वयस्कर माणसाला मोबाइल पुरेसा दूर धरून फोटो काढणं जमत नसेल तर त्याला एका पानाचे दोन फोटो काढायला सांगा, वरचा अर्धा आणि खालचा अर्धा, मध्ये तीन-चार ओळी दोन्हींत येतील असे. त्या सामाईक ओळी भरताना एकदाच घ्यायच्या. चुकून दोनदा भरल्या गेल्या तर वरचं सूत्र दुसऱ्या फोटोच्या पहिल्याच ओळीवर फरक दाखवतं.